मॅनेजरच्या वरिष्ठांकडे कामाच्या ताणाबद्दल वीस मिनिटं कशी मागितली

मे २०२५ च्या शेवटी आमच्या अकाउंट्समधली सहकारी नोकरी सोडून गेली. तिच्या जागी माणूस येईपर्यंत तिचं काम ‘तात्पुरतं’ माझ्याकडे आलं. तात्पुरतं म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही पहिल्या महिन्यात विचारलं नाही, कारण जूनमध्ये कुणाला विचारायलाही फुरसत नव्हती.

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह आहे. आमचे मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, माझं काम बघतात. त्यांच्या वर प्लांटच्या फायनान्स हेड मॅडम आहेत. त्या पुण्यातल्या ऑफिसात बसतात आणि मंगळवारी-शुक्रवारी प्लांटला येतात. तीन वर्षांत माझं मॅडमशी बोलणं ‘गुड मॉर्निंग’ आणि ऑडिटच्या वेळी ‘ती फाइल दे’ याच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यांच्याकडे स्वतःहून वेळ मागायची, तीही कामाच्या ओझ्यासाठी, आणि सरांना न दुखावता, हे मी ऑगस्टमध्ये केलं. आमच्याकडच्या आणखी दोघी-तिघींनी ‘काय लिहिलंस गं मेलमध्ये?’ असं विचारलं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. माझं मूळ काम वेंडरची बिलं तपासून पेमेंटला लावणं आणि जीएसटीचं मॅचिंग. त्यात सहकारीचं टीडीएस, म्हणजे पेमेंट देताना कापून घ्यायचा आयकर, आणि एमएसएमई, म्हणजे लहान उद्योग असलेल्या वेंडरची यादी आली. यातली प्रत्येक गोष्ट तारखेला बांधलेली. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे आपल्या विक्रीचं रिटर्न. १४ ला पोर्टलवर २बी येतं, म्हणजे आपल्या पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली त्याची यादी. ती आपल्या पुस्तकांशी जुळवून २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे महिन्याच्या जीएसटीचं रिटर्न, भरायचं. जे बिल २बीमध्ये नाही त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे जुळवणी टाळता येत नाही. शिवाय लहान उद्योगांची बिलं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायची. मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला बाकी राहिली तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. म्हणून दर गुरुवारी ती यादी काढायची, मग तो गुरुवार १७ तारखेला आला तरी.

जून आणि जुलैत १४ ते २० या आठवड्यात मी रोज उशिरापर्यंत थांबत होते. कंपनीची बस पावणेसहाला सुटते. ती चुकली की चाकण चौकापर्यंत शेअर रिक्षा, पुढे पीएमपीची वाट, आणि पाऊस असला की थेट रिक्षा. जुलैत या रिक्षांवरच हजाराच्या वर गेले. आई म्हणाली, ‘ओव्हरटाइम मिळतो का?’ आम्हा स्टाफला तो मिळत नाही.

जुलैच्या आठवड्यात मी एक गोष्ट केली, तिचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला. एका एक्सेलमध्ये काम, लागलेला वेळ आणि अडलं कुठे, एवढे तीनच रकाने ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत आणि निघताना भरत गेले. ‘फार काम आहे’ हे सगळेच म्हणतात; सरही म्हणतात, मॅडमही म्हणत असणार. कागदावर मात्र वेगळंच चित्र दिसायला लागलं. महिन्याला साधारण सहाशे बिलं. त्यातली सत्तरएक जुळत नव्हती. एका न जुळणाऱ्या बिलामागे फोन, मेल, परत फोन मिळून दहा मिनिटं धरली तरी बारा तास होतात, म्हणजे दीड दिवस नुसता पाठपुरावा. पण ती सत्तर बिलं उलगडून बघितल्यावर कळलं की पुरवठादाराची चूक असलेली निम्मीही नाहीत. काहींत बिल नंबर टाकताना आमचीच आडवी रेघ राहिलेली. आणि अर्ध्याहून जास्त बिलं अशी, की पुरवठादाराने पोर्टलवर दाखवली आहेत, माल आमच्या गेटातून आत आलेला आहे, पण बिल स्टोअर्समध्ये किंवा परचेसवाल्यांच्या ट्रेमध्ये पडून आहे. मालाची आवक-नोंद, ज्याला आमच्याकडे जीआरएन म्हणतात, ती झालेली नाही, म्हणून बिल माझ्यापर्यंत आलेलंच नाही. ती मी शोधत फिरत होते.

स्टोअर्स आणि परचेस सरांच्या हाताखाली येत नाहीत. सर त्यांना विनंती करू शकतात, तारीख ठरवून देऊ शकत नाहीत. ते फक्त मॅडम करू शकत होत्या, त्यांच्या पातळीवरून. हे लक्षात आल्यावर मला मॅडमकडे जायचं कारण मिळालं. तोपर्यंत जे होतं ते गाऱ्हाणं होतं, आणि गाऱ्हाणं घेऊन वर जाणं म्हणजे सरांना डावलून जाणंच झालं असतं. जो निर्णय आपल्या मॅनेजरच्या हातातच आहे, तो मागायला त्याच्या वरच्याकडे जाऊ नये, असं माझं आता पक्कं मत आहे. टीडीएस कुणी करायचं हे सर ठरवू शकत होते, म्हणून तो विषय मी आधी त्यांच्याशीच बोलले.

२२ जुलैला, ३बी भरून दोन दिवस झाल्यावर, सरांकडे गेले. जेवणानंतर, ते एकटे असताना. म्हटलं, ‘सर, दहा मिनिटं बोलायचं होतं, आज जमेल का?’ एक्सेलचा प्रिंट समोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, दोन ठिकाणी पेनाने खूण केली आणि म्हणाले, ‘हे स्टोअर्सचं मी त्यांना शंभर वेळा सांगितलंय.’ मग मी मुद्द्यावर आले. ‘सर, हे मॅडमनी सांगितलं तर होईल. तुमची हरकत नसेल तर मी त्यांची वीस मिनिटं मागू का? तुम्ही असलात तरी चालेल, नसलात तरी चालेल. त्यांना काय दाखवणार तो कागद आधी तुम्ही बघा.’

सर गप्प झाले. मग म्हणाले, ‘तू गेलीस की त्यांना वाटणार, याला टीम सांभाळता येत नाही.’

त्यांनी हे तोंडावर बोलून दाखवलं याचं मला बरंच वाटलं. मनात ठेवलं असतं तर अवघड झालं असतं. मी म्हटलं, कागदावर सुरुवातीलाच लिहीन की सगळ्या तारखा पाळल्या गेल्या आणि कामाचा क्रम तुम्ही लावून दिलात. ते खरंही होतं. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, ३१ जुलैची टीडीएसची तिमाही रिटर्न होऊ दे, मग बघू. दोन, रिकाम्या जागेचा विषय मी काढायचा नाही, कारण ती मागणी त्यांनी स्वतः वर पाठवली होती आणि ती भरतीबंदीत अडकली होती. दुसरी अट मला जड गेली, कारण खरा उपाय माणूसच होता. पण मागणी त्यांची, पाठपुरावा त्यांचा. मी एवढंच विचारलं, ‘मॅडमनी स्वतःहून विचारलं तर?’ ‘तर सांग, सर बोलतायत तुमच्याशी.’

घरी बाबांना सांगितलं. ते जिल्हा परिषदेत होते. त्यांच्याकडे वरच्या साहेबांना अर्ज करायचा तर ‘प्रति’च्या खाली ‘मार्फत’ लिहून मधल्या साहेबांचं पद टाकावंच लागायचं, आणि अर्ज त्या टेबलावरून शेरा घेऊनच वर जायचा. परस्पर दिलेला अर्ज बरेचदा तसाच खाली परत यायचा, शिवाय ज्याला डावललं तो वर्षभर लक्षात ठेवायचा. प्रायव्हेटमध्ये शेरा नसतो, सीसी असतो, असं मी त्यांना म्हटलं. ‘सीसी म्हणजे बघून घ्या. शेरा म्हणजे मला मान्य आहे. फरक आहे,’ बाबा म्हणाले. म्हणून मी सरांना नुसतं सीसीत न टाकता त्यांची संमती आहे हे वाक्यात लिहायचं ठरवलं, आणि मेल पाठवण्याआधी मसुदा त्यांना दाखवला.

४ ऑगस्टला, सोमवारी सकाळी मेल गेला. आमच्याकडे मेल इंग्रजीतच असतात. मजकूर असा होता:

विषय: कामाच्या नियोजनाबद्दल २० मिनिटं वेळ मिळण्याबाबत (२१ ऑगस्टनंतर)

‘आदरणीय मॅडम,
सरांशी बोलून, त्यांच्या संमतीने हा मेल लिहीत आहे. ते सीसीमध्ये आहेत.
जूनपासून वेंडर पेमेंट आणि जीएसटी मॅचिंगसोबत टीडीएसचं कामही माझ्याकडे आहे. सरांनी कामाचा क्रम लावून दिल्यामुळे आतापर्यंत सगळ्या तारखा पाळल्या गेल्या आहेत. १४ ते २० तारखेच्या आठवड्यात मात्र काम हाताशी असलेल्या वेळेत बसत नाही. त्याची काही कारणं आमच्या विभागाबाहेरची आहेत. त्याबद्दल आपला निर्णय हवा आहे.
२१ ऑगस्टनंतर आपल्या सोयीने २० मिनिटं मिळाली तर बरं होईल. एक पानाचं टिपण सरांनी पाहिलं आहे, ते आदल्या दिवशी पाठवते. सरांनी बैठकीत असावं असं आपल्याला वाटलं तर तसंही चालेल.’

एवढंच. पहिलं वाक्य सरांबद्दलचं आहे, कारण असा मेल उघडल्यावर कोणत्याही हेडच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो. त्याचं उत्तर शेवटच्या ओळीत ठेवलं तर तोपर्यंत त्यांनी अर्धा मेल संशयाने वाचलेला असतो. ‘विभागाबाहेरची कारणं’ यामुळे मी सरांबद्दल बोलायला येत नाही हे न सांगता कळतं. पहिल्या मसुद्यात ‘खूप ताण’ आणि ‘तब्येतीवर परिणाम’ असं होतं, ते काढलं. खोटं होतं म्हणून नाही, पण मेलमध्ये ते आलं की एचआरला सीसी करावंसं वाटतं आणि मग वीस मिनिटांची भेट केस होऊन बसते. तब्येतीचं खरंच काही असेल तर तो वेगळा मेल आणि वेगळा विषय. ‘आपलं मार्गदर्शन हवं आहे’ असंही आधी लिहिलं होतं. सरांनीच ते खोडून ‘निर्णय’ केलं. म्हणाले, ‘मार्गदर्शन मागितलंस तर मार्गदर्शनच मिळेल.’

मॅडमच्या कॅलेंडरवर मी परस्पर इन्व्हाइट टाकली नाही. आमच्याकडे हेडच्या कॅलेंडरला हात लावणं उद्धटपणा समजतात, आणि त्यांच्या असिस्टंट ताईंना ते आवडत नाही, जे जास्त महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवरही काही लिहिलं नाही. तारीख मुद्दाम २० च्या पुढची मागितली. २० च्या आत अकाउंट्समध्ये कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, मॅडमचंही नाही. शिवाय ऑगस्टचा आठवडा मोजून घ्यायचा होता, म्हणजे टिपणात एका महिन्याचा अपवाद न दिसता दोन महिने दिसले असते.

दोन दिवस उत्तर आलं नाही. रोज सकाळी इनबॉक्स उघडताना पोटात गोळा. तिसऱ्या दिवशी सरांना विचारलं, आठवण करू का? ‘आठवडा जाऊ दे.’ सोमवारी, ११ ला, जीएसटीआर-१ च्या गडबडीत असिस्टंट ताईंचा फोन आला: शुक्रवार २२, साडेचार, प्लांटच्या केबिनमध्ये. मॅडमनी सरांना बोलावलं नव्हतं. सरांना लगेच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं.’ त्या ‘बरं’चा अर्थ लावण्यात माझी संध्याकाळ गेली.

टिपण खरोखर एकाच पानाचं ठेवलं. वरच्या भागात महिन्याचा तक्ता, कोणत्या तारखेला काय. मधल्या भागात १४ ते २० चा हिशोब: नेहमीचं काम किती तास, पाठपुरावा किती, गुरुवारची एमएसएमई यादी किती, आणि एकूण तास त्या आठवड्याच्या कामाच्या तासांपेक्षा किती जास्त. खाली अडलेल्या बिलांची पाच उदाहरणं. प्रत्येकाला माल गेटवर आल्याची तारीख, जीआरएनची तारीख आणि बिल माझ्याकडे आल्याची तारीख. माणसांची नावं एकही नाही, फक्त विभाग. एका बिलात माल ३ जुलैला आत आला होता आणि बिल माझ्या हातात १८ ला पडलं. ती ओळ बघून सर हसले होते. सगळ्यात शेवटी दोन मागण्या: आधीच्या महिन्यातल्या मालाचं बिल आणि जीआरएन पुढच्या ३ तारखेपर्यंत अकाउंट्सला यावं, आणि टीडीएसची तिमाही रिटर्न माणूस येईपर्यंत बाहेरच्या सीएंकडे द्यावी. दुसरी मागणी सरांना आधीच मान्य होती, पण खर्चाला मॅडमची सही लागते.

२२ ला मॅडमनी पान हातात घेतलं आणि पहिला प्रश्न केला, ‘हे सरांनी पाहिलंय?’ हो म्हटलं. दुसरा प्रश्न मात्र खरा होता. ‘मग ते मला का नाही म्हणाले?’

या प्रश्नाची तयारी मी केली होती, आणि ज्यांना असं भेटायला जायचं आहे त्यांनी याचीच करावी. इथे एक वाक्य वाकडं गेलं की मॅनेजर आरोपी होतो. मी म्हटलं, ‘मॅडम, सर स्टोअर्सशी बोललेत. रोजचं मॅचिंग मी करते, त्यामुळे कुठलं बिल कुठे अडकलं ते मी एकेक करून दाखवू शकते, म्हणून मी आले.’ त्यांनी मान हलवली आणि खालच्या पाच ओळींवर बोट ठेवलं. पुढची दहा मिनिटं त्या फक्त ३ जुलैच्या मालाबद्दल विचारत राहिल्या. गेटवर नोंद कोण करतं, क्वालिटीचा होल्ड होता का, पुरवठादाराचं पेमेंट लांबलं का. होल्ड नव्हता. पुरवठादार लघु उद्योग होता, आणि त्याच्या मुदतीतले पंधरा दिवस आमच्याच ट्रेमध्ये संपले होते, कारण मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, बिल अकाउंट्सला पोचल्यापासून नाही. हे ऐकल्यावर मॅडम सरळ बसल्या. माझ्या रिक्षाच्या हजार रुपयांनी जे झालं नसतं, ते आयकराच्या वजावटीने झालं.

मग त्यांनी विचारलंच, ‘आणि रिकाम्या जागेचं काय?’ मी म्हटलं, ‘त्याबद्दल सर तुमच्याशी बोलत आहेत.’ ‘हं,’ मॅडम म्हणाल्या. पाच वाजायच्या आत मी बाहेर होते.

तिथून थेट सरांच्या टेबलाशी गेले. मॅडमकडून त्यांना कळायच्या आत माझ्याकडून कळायला हवं होतं. काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं सांगितलं. सरांनी एकच विचारलं, ‘माझं नाव कुठे कुठे आलं?’ तिन्ही ठिकाणं सांगितली. मग ते चहा घ्यायला चला म्हणाले. शनिवारी सकाळी मॅडमना आभाराचा मेल टाकला, सर सीसीत, आणि त्यात बोलण्यात ठरलेल्या दोन गोष्टी दोन ओळींत लिहिल्या. भेटीत तोंडी झालेलं असं लिहून ठेवलं नाही तर महिन्याने कुणालाच आठवत नाही.

इथे एक सांगायला हवं. सर ‘नाही’ म्हणाले असते तर? मी ठरवलं होतं की ‘मग कधी विचारू?’ असं विचारायचं आणि तेच बोलणं त्यांना साध्या मेलवर लिहून ठेवायचं. तरीही हललं नसतं तर ‘सर, मी मॅडमना लिहिते आहे, तुम्हाला सीसीत ठेवते आहे’ असं आधी सांगून लिहायचं. त्यांच्या नकळत मात्र नाही. अर्थात हे सगळं कामाच्या वाटपापुरतं. मॅनेजरच त्रास देत असेल, लैंगिक छळाचं प्रकरण असेल, तर त्याची परवानगी मागत बसायचं नसतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तक्रार थेट तिच्याकडे करायची.

पुढे काय झालं? गणपतीच्या आदल्या दिवशी मॅडमचा मेल स्टोअर्स आणि परचेसच्या हेडना गेला: बिल आणि जीआरएन ३ तारखेपर्यंत. स्टोअर्सने सप्टेंबरपासून पाळलं. परचेसने नाही, त्यांना दर महिन्याला सर फोन करतात आणि मॅडमच्या मेलची तारीख सांगतात. न जुळणारी बिलं सत्तरवरून चाळिशीच्या आसपास आली. त्या आठवड्यात एक-दोन दिवस अजूनही बस चुकते. ३१ ऑक्टोबरची टीडीएस रिटर्न बाहेरच्या सीएंनी भरली. भरतीबंदी नोव्हेंबरमध्ये उठली आणि डिसेंबरात एक मुलगा रुजू झाला. टीडीएसची फाइल मी त्याला देऊन झाले आहे. एमएसएमईची यादी अजून माझ्याकडेच आहे, ती मार्चनंतर बघू असं सर म्हणालेत.